पथारीवरची मिरची आणि प्रॉब्लेम स्टेटमेंट: ग्राहकाचं दुखणं पुराव्यानिशी कसं मांडायचं

सीड फंडाचा अर्ज असो, इन्क्युबेशन सेंटरचा फॉर्म असो की बँकेला द्यायचा प्रकल्प अहवाल, त्यात 'समस्या' नावाचा एक रकाना असतोच. सहसा तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईने भरला जातो. तपासणारा माणूस मात्र आधी तोच वाचतो. इथे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेलं आहे: नंदुरबारच्या लाल मिरचीसाठी सुकवणी यंत्र विकू पाहणारी एक टीम. टीम काल्पनिक आहे, हिशोबातले आकडेही पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत. तुमच्या अर्जात तुमचे, स्वतः मोजलेले आकडे येतील.

टीमचा पहिला मसुदा असा होता:

'नंदुरबार जिल्ह्यात मिरचीचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होते. परंतु आधुनिक सुकवणी यंत्रणेअभावी शेतकऱ्यांचे प्रचंड नुकसान होते. अवकाळी पावसामुळे हे नुकसान आणखी वाढते. त्यामुळे परवडणाऱ्या सौर सुकवणी यंत्राची नितांत गरज आहे.'

व्याकरण ठीक आहे, भाषा सरकारी आहे, आणि यात एकही गोष्ट तपासता येण्यासारखी नाही. 'प्रचंड' म्हणजे किती? कोणत्या शेतकऱ्याचं? कधी? त्याहून मोठी चूक 'यंत्रणेअभावी' या शब्दात आहे. यंत्र नाही हे दुखणं नव्हे, तो तुमच्या मालाचा अभाव आहे. डोकं दुखतं ते गोळी नसल्यामुळे नाही. 'अभावी', 'उपलब्ध नसल्याने', 'गरज आहे' हे शब्द मसुद्यात दिसले की तिथे उत्तर आधी ठरलं आणि प्रश्न मागून बेतला, असं समजावं. पहिलं काम एवढंच: हे शब्द असलेली वाक्यं खोडायची आणि काय उरतं ते बघायचं. वरच्या मसुद्यात 'मिरची होते आणि पाऊस पडतो' एवढंच उरतं.

माल कोणाचा, तोटा कोणाचा

आता मालाच्या मागे चालत जायचं. नंदुरबारच्या बाजार समितीत शेतकरी मोठ्या प्रमाणावर ओली लाल मिरची आणतो. लिलाव होतो, वजन होतं, पट्टी बनते. त्या क्षणी माल व्यापाऱ्याचा झाला. तो ती मिरची शहराच्या कडेच्या मोकळ्या जागांवर पसरतो. त्यालाच पथारी म्हणतात. तिथे ऊन देऊन मिरची वाळते, बायका तिची निवड करतात, देठ काढतात, पोती भरतात.

म्हणजे पथारीवर पाऊस पडला तर भिजलेली मिरची व्यापाऱ्याची असते, शेतकऱ्याची नाही. मसुद्यात 'शेतकऱ्यांचे प्रचंड नुकसान' लिहिणाऱ्या टीमने चुकीच्या माणसाला रुग्ण ठरवलं. शेतकऱ्याला झळ बसतच नाही असं नाही. पावसाच्या भीतीने व्यापारी खरेदी थांबवतो, लिलाव बंद राहतो आणि तोडलेली मिरची शेतकऱ्याच्या हातात राहते. पण ते दुखणं वेगळं आहे, त्याचं मोजमापही वेगळं. मजुरी करणाऱ्या बाईचं दुखणं तिसरंच: पाऊस आला की तिचा रोज बुडतो, नाहीतर रात्री ताडपत्री ओढायला बोलावणं येतं.

तिघांचंही दुखणं खरं आहे, पण एका विधानात एकच घ्यायचं. निवडायचं कसं? तोटा कोणाच्या खिशातून जातो आणि तुमच्या मालाचे पैसे कोण देणार, या दोन प्रश्नांचं उत्तर जिथे एकच येतं तो तुमचा ग्राहक. सुकवणी यंत्रासाठी तो पथारीवाला व्यापारी आहे. 'शेतकरी' हा शब्द अर्जात घातला की सहानुभूती मिळते असा समज आहे. परीक्षकांमध्ये एक जरी माणूस बाजार समिती ओळखणारा निघाला तर पहिल्याच ओळीत अर्ज पडतो.

पथारीवर जाऊन काय विचारायचं

बारा ते पंधरा व्यापाऱ्यांशी बोललात तर बस होतं. त्यात मोठे, छोटे आणि गेल्या दोन-तीन वर्षांत हा धंदा सोडलेले एक-दोघे हवेत. सोडलेले लोक फार कामाचे असतात, त्यांना लपवायचं काही उरलेलं नसतं. लिलावाच्या वेळी कोणी तुमच्याशी बोलणार नाही. लिलाव उरकून माल पथारीवर पोचला की जा.

'आमचं यंत्र आलं तर वापराल का?' हा प्रश्न विचारूच नका. खान्देशात पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. चहा पाजतील, 'हो हो, चांगलं आहे' म्हणतील आणि तुम्ही अर्जात 'शंभर टक्के प्रतिसाद सकारात्मक' लिहून मोकळे व्हाल. गूगल फॉर्म फिरवून आणलेल्या टक्केवारीचीही तीच गत. पुढे काय कराल हे विचारायचं नाही, मागे काय केलंत ते विचारायचं. अहिराणीत विचारलंत तर आणखी बरं: 'पाणी उना तवय काय करं, भाऊ?' म्हणजे पाऊस आला तेव्हा काय केलंत.

मग एका प्रसंगाला धरून बसायचं. शेवटचा पाऊस कोणत्या महिन्यात आला? त्या दिवशी पथारीवर किती दिवसांचा माल होता? पाऊस येणार हे कसं कळलं? ताडपत्री स्वतःची होती की भाड्याची? किती माणसं बोलावली, काय रोज दिला? भिजलेल्या मालाचं पुढे काय केलं, कोणाला विकला, चांगल्या मालापेक्षा किती कमी भावाने? आणि शेवटी: त्यानंतर तुम्ही काही बदललंत का?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे. माणूस ज्या दुखण्यावर स्वतःहून पैसे घालतो ते दुखणं खरं असतं. एखाद्याने दर हंगामाला नव्या ताडपत्र्या घेतल्या, दुसऱ्याने पथारीची जागा उंचावर हलवली, तिसरा आकाश भरून आलं की दोन दिवस खरेदीच करत नाही. हे सगळे तोडगे म्हणजे पुरावा. आणि 'पाऊस आला तर नशीब' म्हणून ज्याने काहीच केलं नाही, त्याला तुम्ही यंत्र विकू शकणार नाही. अशांची संख्याही मोजून ठेवा.

एक अडचण नक्की येणार. व्यापारी साठा आणि उलाढाल सांगत नाही. वहीकडे बघितलंत तरी तो वही मिटतो. कर आणि बाजार शुल्काचा विषय, शिवाय शेजारचा गाळेवाला ऐकत असतो. तिथे आकडा मागू नका, प्रमाण मागा. 'किती क्विंटल भिजली?' याचं उत्तर 'थोडीफार' येतं. 'निवड झाल्यावर दहा पोत्यांमागे किती पोती डागी निघाली?' याचं उत्तर लगेच येतं, कारण तो त्याच मापात विचार करतो. नोंद करताना नावाऐवजी 'व्या-1', 'व्या-2' असे खुणेचे क्रमांक द्या आणि ते तसंच राहील हे आधीच सांगा.

सांगितलेलं तपासून घेणं

आठवणीतला पाऊस नेहमी मोठा असतो. म्हणून ज्या तारखा कळल्या त्या दोन ठिकाणी पडताळायच्या. महसूल मंडळनिहाय पावसाची नोंद होते, तिच्यात त्या दिवशी खरंच किती मिलिमीटर पडला ते बघा. बाजार समितीकडे रोजची आवक असते. पावसानंतरच्या दिवसांत लाल मिरचीची आवक शून्यावर आली असेल, तर लिलाव बंद होता हे वेगळं सिद्ध करायला नको. मुलाखत, पावसाची नोंद आणि आवक या तिन्ही गोष्टी एकाच तारखेकडे बोट दाखवतात तेव्हा तो पुरावा परीक्षकाला सहज मोडता येत नाही. वर्तमानपत्राचं कात्रण जोडायला हरकत नाही, पण त्यात 'कोट्यवधींचे नुकसान' असं असतं आणि ते कोणी कसं मोजलं हे नसतं. कात्रण घटनेला साक्ष देतं, रकमेला नाही.

यापुढे स्वतः मोजायचं. इथे दोन चुका इतक्या नियमाने होतात की त्यांवर थांबायला हवं.

पहिली चूक पाण्याची. ओल्या लाल मिरचीत साधारण पाऊण हिस्सा पाणी असतं. 100 किलो मिरचीत 75 किलो पाणी धरलं, तर कोरडा अंश 25 किलो. वाळवून ओलावा 10 टक्क्यांवर आणला की हे 25 किलो म्हणजे मालाचे 90 टक्के, म्हणून माल भरतो 27.8 किलो. पथारीवर 100 चे 28 होणं हे नुकसान नाही, तेच तर वाळवणं. तरी 'सुकवताना 72 टक्के घट' अशी ओळ अर्जात येते आणि लिहिणाऱ्याला वाटतं केवढा जबरदस्त आकडा सापडला.

दुसरी चूक अधिक बारीक आहे. भिजलेल्या ढिगात 19 टक्के डागी मिरची निघाली, म्हणून पावसाने 19 टक्के माल बिघडवला असं लिहिलं जातं. पण कोरड्या हंगामातही थोडी मिरची पांढरी पडते, फुटते, काळवंडते. न भिजलेल्या ढिगातही 4 टक्के डागी निघत असेल, तर पावसाच्या नावावर 15 टक्केच मांडता येतात. हा न भिजलेला ढीग तपासायचा कोणाला सुचत नाही, आणि जाणकार परीक्षक नेमकं तेच विचारतो.

मोजणी अशी करा. पथारीवर नऊ जागा ठरवा: चार कडा, मध्य, आणि पाणी साचतं असे चार खोलगट भाग. माल पूर्ण वाळल्यावर प्रत्येक जागेवरून एक किलो घ्या, नऊच्या नऊ किलो एकत्र करा. निवड स्वतः करू नका. रोज निवड करणाऱ्या बाईला करायला सांगा, तिच्या वेळेचे पैसे द्या. कोणती मिरची चांगल्या भावात जाते आणि कोणती नाही हे तिच्या हाताला कळतं, तुमच्या डोळ्याला नाही. दोन्ही वाटण्या तराजूवर तोला. तेच न भिजलेल्या ढिगावर करा. असे तीन-चार वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडचे ढीग झाले की तुमच्याकडे एक पट्टा येतो, उदाहरणार्थ 11 ते 18 टक्के. अर्जात पट्टाच लिहा. खोलगट जागांमध्ये मिरची जास्त बिघडते, त्यामुळे नऊपैकी चार जागा खोलगट घेतल्या तर आकडा फुगतो. पथारीचा किती भाग खोलगट आहे हे पावलांनी मोजून, दोन्ही भागांचे नमुने वेगळे तोलून प्रमाण लावलं तर उत्तम. तसं जमलं नसेल तर आकडा वरच्या बाजूला झुकलेला आहे हे लिहून टाका.

रुपयांत बसवणं

धरूया की पाऊस आला तेव्हा एका मध्यम व्यापाऱ्याच्या पथारीवर 400 क्विंटल ओली मिरची होती. वरच्या हिशोबाने ती वाळून 111 क्विंटल होते. त्यातली 15 टक्के, म्हणजे सुमारे 16.7 क्विंटल पावसाने डागी झाली. डागी मिरची फेकत नाहीत, ती कमी भावात विकली जाते. म्हणून पूर्ण भावाने गुणायचं नाही, फरकाने गुणायचं. फरक क्विंटलमागे 6,000 रुपये धरला तर तोटा एक लाखाच्या आसपास. शिवाय झाकायला आणि पुन्हा पसरायला 40 मजूर, दोन दिवस, 350 रुपये रोजाने 28,000. एका पावसाचा एकूण फटका 1 लाख 28 हजार.

आता हे दर वर्षी होतं का? मुलाखती आणि पावसाची नोंद मिळून गेल्या पाच हंगामांत असे तीन प्रसंग सापडले, तर वर्षाची सरासरी 77 हजारांच्या जवळ येते. परीक्षक हाच आकडा शोधत असतो, कारण ग्राहक तुमच्या उपायाला जास्तीत जास्त किती पैसे देईल याची कमाल मर्यादा इथे ठरते. यंत्राची किंमत 12 लाख असेल, तर तोटा शून्यावर आणला तरी पैसे वसूल व्हायला पंधरा वर्षांहून जास्त लागतात. कुठलाही पथारीवाला इतका थांबणार नाही.

असं झालं की टीमचा हात आकड्यांना ओढूनताणून वर नेण्याकडे वळतो. त्याऐवजी मुलाखतींच्या वह्या पुन्हा वाचा. आपल्या उदाहरणात तिथे वेगळीच गोष्ट निघाली: पंधरापैकी अकरा व्यापाऱ्यांनी भिजलेल्या मालाआधी न घेतलेल्या मालाबद्दल सांगितलं. आकाश भरलं की ते खरेदी थांबवतात, पावसानंतर जागा वाळेपर्यंत आणखी थांबतात, आणि त्या दिवसांत जागेचं भाडं, पक्क्या माणसांचा पगार, पुढच्या मसाला कंपनीला दिलेला शब्द हे सगळं चालूच असतं. म्हणजे दुखणं 'मिरची भिजते' हे नसून 'पावसाच्या धाकाने धंदा बंद पडतो' हे आहे. उपायही मग कदाचित मोठं यंत्र नसेल. तासाभरात झाकता येणारी आणि खालून पाणी न शिरू देणारी पथारी असेल. तो निर्णय अर्जाच्या पुढच्या विभागात. या विभागाने फक्त दुखणं नीट धरायचं.

कागदावर

एवढं झाल्यावर लिहायला तासभर पुरतो. अडीचशे शब्दांच्या आत बसवा. आधी माणूस आणि प्रसंग, मग त्याला पडणारी किंमत, मग तो आज काय करतो आणि ते का पुरत नाही, शेवटी पुरावा कसा गोळा केला आणि त्याची मर्यादा. बाजारपेठ किती कोटींची आहे हे इथे नको, त्याला वेगळा विभाग असतो. आपल्या टीमचा दुसरा मसुदा:

'नंदुरबारचे मिरची व्यापारी ओली लाल मिरची लिलावात विकत घेऊन उघड्या पथारीवर वाळवतात. हंगामात अवकाळी पाऊस आला की त्यांना दोन बाजूंनी फटका बसतो. पसरलेल्या मालापैकी 11 ते 18 टक्के जास्तीचा माल डागी होतो (चार ढीग, न भिजलेल्या ढिगांशी तुलना करून). आणि जागा वाळेपर्यंत खरेदी बंद राहते. गेल्या पाच हंगामांतल्या तीन प्रसंगांत ती प्रत्येकी 4 ते 7 दिवस बंद होती (बाजार समितीची आवक). 400 क्विंटल ओला माल असलेल्या व्यापाऱ्याला केवळ भिजलेल्या मालाचा आणि मजुरीचा तोटा एका प्रसंगात सुमारे 1.28 लाख रुपये होतो. आज ते ताडपत्री वापरतात. पण झाकायला माणसं रात्री वेळेवर मिळत नाहीत आणि पाणी कडेने खालून शिरतं. 15 पैकी 9 जणांचा झाकलेला मालही भिजला आहे. 11 जणांनी बंद खरेदीला मोठा त्रास म्हटलं. 4 जणांना ही समस्या वाटत नाही. त्यांच्याकडे पक्का ओटा आणि शेड आहे. बंद दिवसांचा तोटा आम्ही रुपयांत मोजलेला नाही. डागी मालाची मोजणी एकाच हंगामातली आहे.'

यात 'प्रचंड' नाही आणि 'नितांत' नाही. 'त्या चौघांना समस्या वाटत नाही' हे वाक्य काढून टाकायचा मोह होतो. ते ठेवा. ग्राहक कोण नाही हे त्याने कळतं आणि बाकीच्या अकरांवर विश्वास बसतो. शिवाय शेडवाले चौघे हाही पुरावाच आहे: ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी या दुखण्यावर तो घातला.

मसुदा झाला की एक सोपी चाचणी. 'नंदुरबार'च्या जागी 'गुंटूर' आणि 'मिरची'च्या जागी 'हळद' घालून वाचा. तरीही सगळं बिनबोभाट खरं वाटत असेल तर तुम्ही पथारीवर गेलाच नाहीत. दुसरी चाचणी: मसुदा एका व्यापाऱ्याला वाचून दाखवा, फक्त आकडे वाचा. तो 'इतकं नाही होत' म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका, कुठला आकडा खटकला ते विचारा. बहुतेक वेळा भावातला फरक खटकतो, कारण तो आठवड्याला बदलतो. म्हणून अर्ज पाठवण्याच्या आठवड्यात चांगल्या आणि डागी मालाचे भाव पुन्हा विचारून घ्या, आणि रकमेशेजारी त्या दिवसाची तारीख टाका.